रात्रीचा पिवळा चष्मा

समोरच्या गाडीचे दिवे झगमगू नयेत आणि रस्ता स्पष्ट दिसावा, यासाठी पिवळ्या काचांचे चष्मे विकले जातात. ही काच मुख्यतः निळा प्रकाश अडवते. डोळे दिपतात ते मात्र प्रखर प्रकाश डोळ्याच्या आत विखुरल्यामुळे. विखुरलेल्या प्रकाशाच्या त्या धूसर पडद्यामागे रस्त्यावरचा पादचारी हरवतो. काच दिव्याचा प्रकाश कमी करते, तसाच पादचाऱ्यावरून परतणारा अंधुक प्रकाशही कमी करते. दोन्हींमधले प्रमाण जवळपास तेच राहते.

बोस्टनमधील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 22 जणांची सिम्युलेटरवर चाचणी घेतली होती. पिवळ्या काचांमुळे पादचारी लवकर दिसला नाही. दिव्यांचा झगमगाट मंदावल्यासारखा वाटतो, पण त्यामुळे नजर सुधारत नाही.