ऑफर आली, पण आकडा आणि तारीख जुळत नाही

पुण्यातल्या एका टेस्टरचं उदाहरण घेऊ. अनुभव सहा वर्षांचा, सध्याचा सीटीसी १२ लाख. नव्या कंपनीची ऑफर १४ लाखांची आली. पत्र ५ जानेवारीला मिळालं आणि रुजू व्हायचं होतं २ फेब्रुवारीला. तिचा नोटीस पीरियड मात्र ६० दिवसांचा आहे.

आधी आकडा सोडवून बघा

दोन लाखांची वाढ ऐकायला चांगली वाटते. पण ऑफरसोबतचा तक्ता उघडला तर १४ लाखांत दीड लाख व्हेरिएबल आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ५५ हजार आहेत. म्हणजे फिक्स्ड उरतो ११ लाख ९५ हजार. सध्याच्या १२ लाखांत फिक्स्ड ११ लाख आहे. तेव्हा खात्रीची वाढ ९५ हजारांची, करापूर्वी महिन्याला आठ हजारांच्या आसपास.

म्हणून मागणी सीटीसीवर करू नये, फिक्स्डवर करावी. ‘सीटीसी १५ करा’ म्हटलं, की वरचा लाख व्हेरिएबलमध्ये टाकून कंपनी शब्द पाळू शकते, आणि तुमच्या हाती फारसं काही येत नाही.

कारण कुठलं चालतं

घराचा हप्ता, हिंजवडीचं भाडं, मुलांची फी ही कारणं खरी असतात, पण एचआरला ती पुढे नेता येत नाहीत. मेल वाचणारी व्यक्ती सहसा स्वतः निर्णय घेत नाही. तिला तो आकडा हायरिंग मॅनेजर किंवा फायनान्सकडून मंजूर करून घ्यायचा असतो, आणि तिथे मांडता येईल असं कारण आपणच तिच्या हाती द्यायचं असतं. या उदाहरणात ते मुलाखतीतच सापडतं. जाहिरातीत फक्त टेस्टिंग होतं. शेवटच्या फेरीत ऑटोमेशन उभं करणं आणि दोन ज्युनियर सांभाळणं यांचीही चर्चा झाली. काम वाढलं, आकडा तोच राहिला.

नसलेली दुसरी ऑफर ‘आहे’ म्हणून सांगू नका. एचआर ती दाखवायला सांगते, आणि मग पगाराबरोबर विश्वासाचाही प्रश्न उभा राहतो. सध्याचा पगार फुगवण्याचंही तेच: पगारपत्रक आणि फॉर्म १६ मागितला जातोच.

मेल

दोन्ही मुद्दे एकाच मेलमध्ये हवेत. पगार ठरल्यावर तारखेचा विषय काढला, तर मागण्या संपतच नाहीत असं समोरच्याला वाटतं.

> विषय: ऑफरसंबंधी दोन विनंत्या – फिक्स्ड पगार आणि रुजू होण्याची तारीख
>
> नमस्कार मॅडम,
>
> सीनियर टेस्टर पदाच्या ऑफरबद्दल मनापासून आभार. हे काम करायला मी उत्सुक आहे. स्वीकृती कळवण्याआधी दोन गोष्टींचा विचार व्हावा, ही विनंती.
>
> ऑफरमध्ये फिक्स्ड पगार ११.९५ लाख आहे. अंतिम मुलाखतीत ऑटोमेशनची उभारणी आणि दोन सहकाऱ्यांचं मार्गदर्शन या जबाबदाऱ्यांवर बोलणं झालं. सध्याच्या कंपनीत ऑटोमेशनचं काम मी पहिल्यापासून केलं आहे. ही व्याप्ती पाहता फिक्स्ड १३ लाख करता येईल का?
>
> माझा नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे. सुधारित पत्र ९ जानेवारीपर्यंत मिळाल्यास मी त्याच दिवशी राजीनामा देईन आणि १६ मार्चला रुजू होईन. त्याआधी यायची गरज असल्यास उरलेल्या नोटिशीचा बायआउट कंपनी देऊ शकेल का, तेही कळवावं.
>
> या दोन गोष्टी जमल्या, तर मी लगेच स्वीकृती पाठवते.

शेवटचं वाक्य वगळू नका. वाढवून दिलं तरी ही येईल का, अशी शंका एचआरला असते. त्या वाक्याने ती दूर होते.

आकडा एकच आणि नेमका द्यावा. ‘१२.५ ते १३.५’ लिहिलं, की बोलणी साडेबारापासून सुरू होतात.

बायआउट मागण्याआधी जुनं नियुक्तिपत्र वाचा. काही ठिकाणी रक्कम बेसिकवर मोजतात, काही ठिकाणी पूर्ण पगारावर, आणि काही कंपन्या मॅनेजरच्या संमतीशिवाय लवकर सोडतच नाहीत.

उत्तर काय येतं

बहुतेकदा लेखी उत्तराआधी फोनच येतो. ‘या बँडमध्ये एवढंच बसतं’ असं म्हणाले, तर जॉइनिंग बोनस विचारा. तो एकदाच द्यायचा असल्याने मंजूर होणं सोपं असतं. मात्र त्यावर कर लागतो, आणि ठरलेल्या मुदतीआधी, बहुधा वर्षभरात, नोकरी सोडल्यास तो परत करायची अट असते. शिवाय पुढची पगारवाढ फिक्स्डवर मोजली जाते, बोनसवर नाही. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी चार ओळींत मेल करा.

सरकारी वेतनश्रेणीत किंवा कॅम्पसमधून एकगठ्ठा होणाऱ्या भरतीत पगारावर बोलायला जागा जवळजवळ नसते. तिथे फार तर तारखेची विनंती करता येते.

राजीनामा मात्र सुधारित ऑफर लेटर हाती आल्यावरच द्यायचा. त्यात फिक्स्डचा नवा आकडा, १६ मार्च ही तारीख आणि बायआउट ठरला असेल तर त्याची रक्कम, हे सगळं छापलेलं आहे का ते तपासा. ‘पत्र नंतर पाठवतो, तुम्ही राजीनामा द्या’ असं सांगितलं, तर पत्र येईपर्यंत थांबा आणि तितकेच दिवस रुजू होण्याची तारीख पुढे जाईल, हे मेलवर कळवून ठेवा.