एक कोयता, एक मुलगी आणि प्रवेशाचं निवेदन

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करताना बऱ्याच विद्यापीठांत, विशेषतः परदेशी, एक निवेदन लिहून मागतात. पानदीड पानाचं. कुठे ते लेखी नसेल तर मुलाखतीत तोच प्रश्न तोंडी येतो: या क्षेत्रात का यायचंय? बहुतेक उमेदवार स्वयंसेवक म्हणून काम करताना पाहिलेल्या एखाद्या माणसाची हकीकत सांगतात आणि दुसऱ्याच परिच्छेदात ‘समाजातील विषमता’ या शब्दांवर उडी मारतात. निवड करणाऱ्या प्राध्यापकांना ओळखता येते ती ही उडी. हकीकत खरी असते आणि विषमताही खरी असते, पण मधल्या पायऱ्या गायब असतात.

त्या पायऱ्या कशा दिसतात हे पाहण्यासाठी एक रचलेलं उदाहरण घेऊ. मुलगी काल्पनिक आहे, पण तिची परिस्थिती ऊसतोडीच्या कोणत्याही तळावर सापडेल. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याजवळ बीड जिल्ह्यातून आलेल्या टोळीच्या कोप्या पडल्या आहेत. एक विद्यार्थिनी सुटीच्या दिवशी तिथल्या मुलांना शिकवायला जाते. अकरा वर्षांची एक मुलगी कोपीच्या दाराशी वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन उभी असते, पण वर्गात येऊन बसत नाही. गावच्या शाळेच्या पटावर मात्र तिचं नाव आहे.

निवेदनाच्या पहिल्या खर्ड्यात साधारण असं वाक्य येतं: पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून देण्याची गरज मला जाणवली. वाक्य निरुपद्रवी दिसतं. पण विद्यार्थिनीने मुलीच्या आईला नुसतं विचारलं असतं, तरी ते गळून पडलं असतं. आईला महत्त्व पटलेलंच आहे. बाळाला सांभाळायला दुसरं कोणी नाही, म्हणून मुलगी इथे आहे. मग पुढचा प्रश्न: आई बाळाजवळ का थांबत नाही? इथून हिशेब सुरू होतो, आणि निवेदनाचा खरा मजकूरही.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे उचल देतो आणि ती तोडलेल्या टनांतून फिटते. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ झाल्यावर तोडणीचा मूळ दर टनाला सुमारे 366 रुपये झाला. समजा उचल एक लाखाची आहे. ती फेडायला सुमारे 273 टन ऊस तोडायला हवा. जोडीने रोज दोन टन तोडले तर 137 दिवस लागतात, दीड टन तोडले तर 182 दिवस. हंगाम मात्र साधारण पाच महिन्यांचा, म्हणजे दीडशेच्या आसपास दिवसांचा. आठवड्याचा बाजार आणि औषधपाणी यांच्यासाठी मधे पैसे घेतले की तेही उचलीत चढतात. एका दिवसाच्या खाड्याचाही दंड लागतो. आई बाळाजवळ बसली तर कोयता अर्धा होतो आणि उरलेली उचल पुढच्या हंगामाच्या अंगावर येते.

आता मुलीचं कोपीत असणं वेगळं दिसायला लागतं. घरच्या या हिशेबात तिच्या बाळ सांभाळण्याची किंमत शून्य लिहिलेली आहे, पण ती नसेल तर तो हिशेब जुळतच नाही.

इथे जाणता वाचक अडवेल: सरकारी योजना आहेतच की. आहेत. मूल गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहं चालवली जातात. पण ती टोळी निघण्याआधी सुरू व्हायला हवीत. दिवाळीच्या सुमाराला घराला कुलूप लागल्यावर सुरू झालेलं वसतिगृह त्या वर्षापुरतं तरी बिनकामाचं असतं. आणि वेळेवर सुरू झालं तरी या घरापुढचा पेच सुटत नाही, कारण वसतिगृहाने मुलीची सोय होते, बाळाची नाही. अंगणवाडीचा वर्ग तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी असतो. वर्षाच्या बाळाला दिवसभर सांभाळणारं पाळणाघर फडावर नसतं. शिक्षण खातं मुलीकडे पाहतं, महिला व बालविकास खातं बाळाकडे, कामगार खातं आईकडे. घर एकच, पण त्या घराचा प्रश्न म्हणून तो कुणाच्याच फायलीत नाही.

पाळणाघर द्यायचं कोणी? मालकाने. पण मालक कोण, यावरच घोडं अडतं. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा मजुराशी, तोही बहुधा तोंडी. 1979 साली स्थलांतरित कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, पण त्याच्या व्याख्येत राज्याची सीमा ओलांडणारा कामगार होता. बीडची टोळी कर्नाटकात गेली तर ती त्या कायद्यात बसायची, कोल्हापुरात गेली तर नाही. ऊस तोच आणि उचलही तशीच. असा तपशील निवेदनात आला की प्राध्यापकांना कळतं, उमेदवाराने प्रश्न पुस्तकातून उचललेला नाही, मुलीमागे चालत जाऊन गाठला आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 साली खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांत फरक केला होता. त्यांचं उदाहरण बेकारीचं आहे: लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचं कौशल्य पाहावं, पण पाच कोटी काम करणाऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर उत्तर एकेका माणसात शोधून सापडत नाही. निवेदनांत मिल्सचं नाव भरपूर येतं. पण नाव घेऊन काम होत नाही. तळावरच्या किती कोप्यांत मोठी बहीण धाकट्याला सांभाळते आहे, एवढं मोजलेलं असलं तरी ते त्या नावापेक्षा जास्त बोलतं.

जोड खरी आहे की चिकटवलेली, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. निवेदनातून मुलीची हकीकत खोडून टाकावी. उरलेला विषमतेचा परिच्छेद तसाच्या तसा उभा राहिला, तर हकीकत केवळ सजावटीला होती. ऊसतोडीच्या या निवेदनात ती खोडली की कोयता, पाळणाघर आणि मालकाची व्याख्या यांना धरून ठेवणारं काहीच उरत नाही.

एका घरावरून किती बोलायचं याला मर्यादा मात्र हवी. एका कोपीवरून सगळ्या ऊसतोड कुटुंबांत मुलींची शाळा अशीच सुटते, असं सिद्ध होत नाही. कुठे आजी गावी असते, कुठे मुलगाच बाळ सांभाळतो, कुठे मुलगी शाळा सोडून स्वतः मोळ्या बांधायला लागलेली असते. म्हणून चांगलं निवेदन या टप्प्यावर दावा करायचं सोडून प्रश्न विचारतं: फडावर पाळणाघर असतं तर किती मुली गावी राहिल्या असत्या? त्याचा खर्च टनामागे किती पडला असता आणि तो कोणाच्या खात्यातून गेला असता?

मुलीबद्दल किती लिहायचं, हाही प्रश्नच. नाव बदललं पण गाव, कारखाना आणि मुकादमाचं आडनाव ठेवलं, तर तिला कुणीही ओळखेल. तिने परवानगी दिलेली नाही, अकरा वर्षांची मुलगी ती देऊही शकत नाही. आईचं म्हणणं उघड झालं तर पुढच्या हंगामाची उचल अडकू शकते. त्यामुळे जिल्हा, वय आणि घरातली माणसं एवढंच ठेवावं. वरच्या युक्तिवादाला त्याहून अधिक काही लागतही नाही.

स्वतःबद्दल उमेदवाराने काय लिहावं, हे शेवटी येतं आणि थोडक्यात आटोपतं. सुटीच्या दिवशी शिकवायला जाऊन तिने त्या मुलीला वर्गात आणलं नाही, आणि तसा आव आणायचं कारणही नाही. बाळाला मांडीवर घेऊन मुलीला तासभर फळ्यासमोर बसू दिलं असेल तर तेवढंच लिहावं, आणि त्यापुढे हेही, की तासाभराने बाळ पुन्हा मुलीच्या कडेवर गेलं. कामगार कायदा, बालविकास आणि गावपातळीवरचं संघटन यांपैकी काय शिकायचंय, हे त्या पुढच्या तासांवरून ठरवता येतं.