रेझ्युमेतला आकडा कुठल्या रजिस्टरातून आला? एनजीओतल्या नोकरीसाठी अर्ज करताना

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी मागच्या महिन्यात घरी आली. बीए, नंतर एमएसडब्ल्यू, आणि मग दोन वर्षं मुळशी तालुक्यात कोळवणला राहून एका संस्थेत फील्ड कोऑर्डिनेटर. आता तिला पुण्यातल्या दुसऱ्या संस्थेत प्रोग्राम कोऑर्डिनेटरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. "सर, चार ठिकाणी पाठवला, एकीकडूनही फोन नाही," म्हणाली. आम्ही कागद हातात घेतला. पहिल्याच ओळीत होतं: पंचवीस हजार लोकांपर्यंत पोहोचले, एक कोटी वीस लाखांचा निधी हाताळला, वीस जणांची टीम सांभाळली, डोनर रिपोर्टिंगचा उत्तम अनुभव.

चारही गोष्टी बरोबर निवडल्या होत्या. संस्था या जागेसाठी माणूस निवडताना हेच चार प्रश्न विचारतात: किती लोक, किती पैसा, कोणती माणसं, कसले अहवाल. पण एकाही आकड्यामागे रजिस्टर दिसत नव्हतं. या क्षेत्रात वर्षानुवर्षं अहवाल वाचणाऱ्या माणसाला असा गोल आकडा लगेच खटकतो. मग आम्ही तिला एकेक आकडा कुठून आला ते विचारत बसलो. त्यात दुपार गेली, चहा तीनदा झाला. तेच इथे सांगतो, कारण आपल्या घरांतली बरीच मुलंमुली आता या कामात आहेत.

आधी लोकांचा आकडा. पंचवीस हजार कुठून आले? तर ज्या नऊ गावांत काम होतं त्यांची आणि आजूबाजूच्या वाड्यांची लोकसंख्या, वर दरवर्षीच्या आरोग्य शिबिराची गर्दी. गावात राहतो म्हणून प्रत्येक माणूस "पोहोचलेला" होत नाही. हे लक्षात आल्यावर तिने दुसरा आकडा काढला: महिला गटांच्या बैठकांची हजेरी, 4,100. हा खरा होता, रजिस्टरात होता. पण गट होते 18, प्रत्येकात 11 बायका, म्हणजे बायका 198. दोन वर्षांत महिन्याला एक याप्रमाणे 24 बैठका झाल्या. त्याच बायका सरासरी वीस-एकवीस वेळा मोजल्या गेल्या होत्या. 4,100 ही हजेरी आहे, माणसं नाहीत. शाळेत आम्ही वर्षाच्या हजेऱ्यांची बेरीज करून "इतके विद्यार्थी शिकवले" असं म्हणत नाही, तसंच हे.

मग खरी संख्या काय? भाताचं बियाणं आणि परसबागेची रोपं मिळालेली कुटुंबं 640. गटातल्या 198 बायकांपैकी 140 याच कुटुंबांतल्या, उरलेल्या 58 वेगळ्या घरांतल्या. म्हणजे 640 अधिक 58, एकूण 698 कुटुंबं. पंचवीस हजारांवरून 698 वर येताना तिचा चेहरा उतरला होता. पण हा आकडा असा आहे की मुलाखतीत कोणी कसाही फिरवून विचारला तरी तो मोडत नाही. घरटी पाच माणसं धरून साडेतीन हजारांचा आकडा द्यायचा मोह होतो. द्यायचाच असेल तर "अप्रत्यक्ष लाभार्थी, अंदाजे" असं वेगळं लिहावं. आम्ही तिला तो गाळायलाच सांगितला.

आपल्याकडे रमजानमध्ये किंवा लॉकडाऊनमध्ये जमातीतर्फे रेशन किट वाटलेले पुष्कळ तरुण आहेत. ते कामही रेझ्युमेत जरूर लिहावं, फक्त हीच काळजी घेऊन. तीन वेळा वाटलेल्या तीनशे किट म्हणजे नऊशे कुटुंबं नव्हेत. यादी एकच असेल तर कुटुंबं तीनशेच.

आता पैसा. एक कोटी वीस लाख ही रक्कम खोटी नव्हती. तीन वर्षांच्या, तीन तालुक्यांच्या पूर्ण प्रकल्पाचं ते मंजूर अनुदान होतं. पण तिच्या हातात काय होतं? मुळशीतल्या कामाचं दोन वर्षांचं बजेट, 34 लाख. त्यातून ती दर महिन्याला आगाऊ रक्कम मागायची, व्हाउचर तपासायची, पंचवीस हजारांपर्यंतच्या खर्चावर सही करायची. त्यापुढची सही संचालकांची. दोन वर्षांत खर्च झाला 31 लाख 96 हजार, म्हणजे मंजूर रकमेच्या 94 टक्के. या पदासाठी 34 लाख, 94 टक्के आणि सहीची मर्यादा, या तीन गोष्टी एक कोटी वीस लाखांपेक्षा जास्त बोलतात. खर्च फार कमी झाला तर काम अडलं असं डोनर समजतो, आणि मर्यादेपलीकडे गेला तर पैसे कुठून आणले असं विचारतो.

"निधी हाताळला" या शब्दातच एक गफलत आहे. पैसा आणणं वेगळं, खर्चाचा हिशोब ठेवणं वेगळं आणि हिशोबाचा दाखला देणं वेगळं. उपयोगिता प्रमाणपत्रावर सही चार्टर्ड अकाउंटंटची असते. तिने "उपयोगिता प्रमाणपत्रं दिली" असं लिहिलं होतं. ते बदलून "त्यासाठी लागणारे फील्डचे खर्च-तक्ते तयार केले" असं केलं. प्रस्ताव लिहिण्यात हात असेल तर तोही नेमका सांगावा: बजेटचा भाग लिहिला की गावांची माहिती पुरवली.

पैसा कुठला होता हेही एका शब्दात यावं, कारण प्रत्येक पैशाचे नियम निराळे. परदेशी देणगी असेल तर 2010 चा एफसीआरए कायदा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. कंपनीचा सीएसआर निधी असेल तर कंपनी कायदा, 2013 चं कलम 135. ज्याने एका प्रकारच्या पैशावर काम केलंय त्याला दुसऱ्याचं आपोआप येतंच असं नाही, म्हणून निवड करणारा हे बघतो. आपल्या वाचकांना यातलं मूळ तत्त्व नवं नाही. जकातीचा पैसा हकदाराकडेच जातो, त्यातून जमातखान्याची रंगरंगोटी होत नाही, हे घरातलं लहान पोरही सांगेल. डोनरने एका कामासाठी दिलेला पैसा त्याच कामाला लावायचा, ही गोष्ट तशीच.

याच ठिकाणी तिची एक चूक निघाली, आणि गंमत म्हणजे रेझ्युमेतली सगळ्यात चांगली ओळ त्यातून तयार झाली. प्रवासाच्या खात्यात अडीच लाख होते. त्यातले चाळीस हजार तिने प्रशिक्षणाकडे वळवले आणि डोनरला नंतर कळवलं. करारात एका खात्यातून दहा टक्क्यांपर्यंतच, म्हणजे पंचवीस हजारच, न विचारता हलवायची मुभा होती. डोनरने पत्र पाठवून खुलासा मागितला. त्यानंतर तिने दर महिन्याला खातेवार खर्च मंजुरीशी ताडून पाहायचा तक्ता सुरू केला आणि बदलाची परवानगी आधी घ्यायची पद्धत लावली. हे तिने लिहिलंच नव्हतं, लाज वाटली म्हणून. आम्ही म्हटलं, चूक लिहू नकोस, पण तक्ता लिही. मुलाखतीत विचारलं तर चूकही सांग.

टीमचं फार लांबवत नाही. वीस जणांत पगारी कार्यकर्त्या तीन, मानधनावरचे ग्रामसाथी नऊ, आणि उरलेल्या आठ जणी आशाताई आणि गटाध्यक्षा. आशाताई सरकारी यंत्रणेबरोबर काम करतात, त्यांना आपली टीम म्हणणं बरोबर नाही. "तीन कार्यकर्त्या आणि नऊ ग्रामसाथींच्या कामाचं नियोजन, दोघींची निवड, वार्षिक मूल्यमापन" एवढं लिहिलं की वजन कळतं. कोणाला कामावर घेतलं आणि कोणाचं मूल्यमापन केलं, यावरून माणूस खरोखर प्रमुख होता का ते समजतं.

राहिलं डोनर रिपोर्टिंग, आणि इथे कोळवणचंच उदाहरण उपयोगी पडलं. पौडच्या पुढे वाळकी नदीचं हे खोरं पावसाळ्यात भिजून चिंब असतं, आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. इथे गोमुख ट्रस्टने पाणलोटाचं काम केलं. पुढे पुण्याच्या ॲक्वाडॅम या भूजलावर काम करणाऱ्या संस्थेने ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेबरोबर याच खोऱ्यात अभ्यास केला. प्रश्न असा होता, की बंधाऱ्यात अडवलेलं पाणी काळ्या कातळात नेमकं किती मुरतं आणि विहिरींना त्याचा किती फायदा होतो. बंधारा बांधला ही एक गोष्ट, विहिरीत पाणी टिकलं ही दुसरी. अहवाल वाचणारा दुसरीच शोधत असतो.

तिच्या रेझ्युमेत होतं: सहा बंधाऱ्यांची दुरुस्ती. आम्ही विचारलं, पुढे काय झालं? तेव्हा कळलं की तिने बारा विहिरींची पाणीपातळी दोन वर्षं ऑक्टोबर, जानेवारी आणि मे महिन्यात मोजली होती. पाच विहिरींत पाणी सुमारे तीन आठवडे जास्त टिकलं, चारांत फरक नाही, तिनांवर पंप चालू असल्याने नोंद भरवशाची नाही. शिवाय दुसऱ्या वर्षी पाऊसही जास्त होता, तेव्हा सगळं श्रेय बंधाऱ्याला देता येत नाही. हे तिने डोनरला जसंच्या तसं लिहिलं होतं. रेझ्युमेत मात्र एक शब्द नाही! "उत्तम अनुभव" हे शब्द काढून आम्ही असं लिहिलं: "दोन डोनरना आठ तिमाही अहवाल, कामाचे आणि खर्चाचे, बारा विहिरींच्या मोजणीची आखणी आणि नोंद."

शेवटी तिच्या कामाचा भाग असा झाला:

कोळवण खोऱ्यातील 9 गावांत 698 कुटुंबांबरोबर शेती, परसबाग आणि पाण्याचं काम (2 वर्षं). 34 लाखांच्या फील्ड बजेटची जबाबदारी, 94 टक्के खर्च, 25 हजारांपर्यंत मंजुरीचा अधिकार. खातेवार खर्चाचा मासिक तक्ता सुरू केला. 3 कार्यकर्त्या व 9 ग्रामसाथींचं नेतृत्व. 2 डोनरना 8 तिमाही अहवाल.

पाठवायचा कागद इंग्रजीत असतो, पण आधी मराठीत किंवा उर्दूत लिहून बघावा. आपल्या भाषेत पोकळ वाक्य चटकन उघडं पडतं. आणि लग्नाचा बायोडेटा आणि हा कागद यांत गल्लत नको. तिच्या कागदावर वडिलांचा व्यवसाय, उंची, वैवाहिक स्थिती सगळं होतं. ते काढल्यावर तीन पानांची दोन झाली.

जे अजून नोकरीत आहेत त्यांनी आकडे आत्ताच एका वहीत टिपून ठेवावेत: मंजूर रक्कम, खर्च, गटांची आणि कुटुंबांची संख्या, अहवालांच्या तारखा. नोकरी सोडल्यावर फाइल मागायला संकोच वाटतो, आणि आकडे आठवत नाहीत. मात्र लाभार्थ्यांची नावं, फोन नंबर, आधारच्या प्रती यातलं काहीही सोबत आणू नये. आमच्या या मुलीच्या पेनड्राइव्हमध्ये 640 कुटुंबांची यादी निघाली. तिने ती आमच्यासमोरच पुसली आणि जुन्या वरिष्ठांना फोन करून रेफरन्ससाठी त्यांचं नाव द्यायची परवानगी मागितली.