यादीत नसलेली माणसं

हेरॉइनचं व्यसन उपचारांशिवाय सुटत नाही, असा अमेरिकेत १९७० च्या दशकात सर्रास समज होता. व्यसनमुक्ती केंद्रांत काम करणाऱ्यांनाही तसंच वाटे, कारण त्यांच्यासमोर येणारा प्रत्येक जण उपचारांसाठीच आलेला असायचा. जे आपले आपण सुटले, ते केंद्राची पायरी कशाला चढतील? पॅट्रिक बिअरनॅकी आणि डॅन वॉल्डॉर्फ या संशोधकांना सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नेमकी हीच माणसं हवी होती. त्यांची यादी कोणत्याही दवाखान्याकडे किंवा सरकारी खात्याकडे नव्हती.

अशा वेळी दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. कोण हवं, हा पहिला. खरोखर व्यसनी होता, पुरेसा काळ दूर आहे आणि उपचार घेतलेले नाहीत, अशा अटी आधी ठरवून त्यांत बसणारी माणसं निवडायची, याला सहेतुक नमुना म्हणतात. ती सापडणार कशी, हा दुसरा प्रश्न. एकाची मुलाखत झाली की त्यालाच विचारायचं, ‘तुमच्यासारखं आणखी कोणी ओळखीचं आहे का?’ हा स्नोबॉल नमुना. पुष्कळ प्रबंधांत या दोहोंपैकी एकाचंच नाव लिहून विषय संपवतात. प्रत्यक्षात ते बहुधा हातात हात घालून चालतात.

१९८१ मध्ये या दोघांनी आपल्या अडचणींवरच एक लेख लिहिला, आणि तो आजही वाचण्यासारखा आहे. साखळी आपोआप पुढे सरकत नाही, ती ढकलत राहावी लागते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. समोरचा माणूस खरंच व्यसनी होता का, हेही पडताळावं लागतं. चार-दोन वेळा हेरॉइन घेतलेला माणूस या अभ्यासाच्या कामाचा नाही. पण सर्वांत अवघड भाग साखळ्यांवर ताबा ठेवण्याचा. माणूस आपल्याच वयाच्या, आपल्याच वस्तीतल्या, आपल्याच वर्तुळातल्या मित्राचं नाव सांगतो. एकच साखळी लांबवली तर शंभर मुलाखतींतून एकाच टोळक्याची गोष्ट ऐकू येते. म्हणून एका साखळीतून किती जण घ्यायचे याला मर्यादा घालावी लागते आणि नवी सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करावी लागते. इथे सहेतुक निवड पुन्हा कामाला येते: कोणत्या प्रकारची माणसं अजून भेटलेली नाहीत, हे पाहून पुढचा शोध ठरतो.

बिअरनॅकी यांचं पुस्तक १९८६ मध्ये आलं, ते १०१ माणसांच्या मुलाखतींवर उभं आहे. ‘उपचारांशिवाय कोणी सुटत नाही’ हे विधान खोडायला त्यातली मोजकी, नीट पडताळलेली उदाहरणंही पुरेशी होती. शिवाय ही माणसं सुटली कशी, जुन्या मंडळींपासून दूर गेल्यावर त्यांनी कशाचा आधार धरला, त्याच्या निरनिराळ्या वाटा या अभ्यासातून दिसल्या.

मात्र शंभरातले किती जण असे सुटतात, हे या १०१ जणांवरून सांगता येत नाही. मुलाखतींची संख्या ३०० केली तरी येणार नाही. कारण ज्याने जुनी संगत पूर्ण तोडली, त्याचं नाव सांगणारंच कोणी उरत नाही. म्हणजे सुटकेची एक महत्त्वाची वाट जितकी पक्की, तितका तो माणूस साखळीला दुर्मीळ. त्यामुळे ‘इतके टक्के लोक दूर गेले’ हा आकडा कोणत्या बाजूला चुकलाय तेही कळत नाही.

प्रमाण सांगायचं तर यादी लागते. ली रॉबिन्स यांना ती मिळाली होती. १९७१ च्या सप्टेंबरमध्ये व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या नोंदींतून त्यांनी यादृच्छिक पद्धतीने माणसं निवडली. तिकडे व्यसन लागलेल्यांपैकी सुमारे ५ टक्केच मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले, असं त्यांना आढळलं. हा आकडा त्या सैनिकांबद्दल ठामपणे मांडता येतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या अभ्यासाला तो कधीच देता आला नसता, आणि त्याने तो द्यावा अशी अपेक्षा करणं हा त्या अभ्यासावर अन्याय आहे. ‘नमुना फारच लहान’ एवढं म्हणून गुणात्मक शोधनिबंध बाजूला सारणारे परीक्षक म्हणूनच मला पटत नाहीत. विचारायला हवं ते दुसरंच.

साखळ्या किती ठिकाणांहून सुरू झाल्या? सर्वांत लांब साखळीत किती जण होते? नकार कोणी दिला? शोध थांबवला तो नवं काही ऐकू येईना म्हणून, की मुदत संपली म्हणून? हे निबंधात नसेल तर निष्कर्ष वाचताना ‘बहुतेक’, ‘सर्वसाधारणपणे’, ‘वाढतं प्रमाण’ असे शब्द शोधावेत. समजा, पुण्यातल्या ३० घरकामगार महिलांशी बोलून कोणी लिहिलं, ‘बहुतेक घरकामगारांना पगारी रजा मिळत नाही.’ तीसपैकी बावीस जणी एकाच वस्तीतल्या एका बाईंच्या ओळखीने आलेल्या असतील, तर हे वाक्य त्या मुलाखतींना पेलत नाही. ‘रजा मागितल्यावर काम जाईल या भीतीने काही जणी मागतच नाहीत, आणि ही भीती अशी तयार होते’, हे वाक्य पेलतं.