मजकुरातील चूक जागच्या जागी दुरुस्त करणे

शाळेची सूचना भ्रमणध्वनीवर लिहिताना मधल्या शब्दात एखादी चूक राहते, आणि ती मागाहून लक्षात येते. अशा वेळी पुष्कळ शिक्षक शेवटापासून सारा मजकूर पुसत मागे येतात. त्यात श्रम होतातच. शिवाय पुन्हा लिहिताना तारीख वा वेळ बदलून जाण्याचा धोका असतो.

एक उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगर येथील सहलीसाठी सूचना लिहिली: 'सर्व विद्यार्थ्यांनी क्राति चौकात सकाळी १० वाजता जमावे.' येथे 'क्रा'वरील अनुस्वार सुटला आहे, आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे शब्दाच्या अंती असलेली वेलांटी दीर्घ हवी. म्हणजे दुरुस्त्या दोन आहेत.

प्रथम त्या शब्दावर बोटाने हलकेच टेकावे. लुकलुकणारी उभी रेघ, म्हणजे कर्सर, तेथे येतो. अँड्रॉइड फोनवर त्याखाली थेंबाच्या आकाराची मूठ दिसते. ती धरून कर्सर सरकवता येतो. परंतु बोटाखाली अक्षरे झाकली जात असल्याने नेमके स्थान साधणे कठीण जाते. मुठीने शब्दापर्यंत पोहोचावे व पुढील काम स्पेसबारवर सोपवावे, हे बरे.

जीबोर्ड हा कळफलक असल्यास स्पेसबारवर बोट ठेवून लगेच डावीकडे वा उजवीकडे घसरवावे. तेथे थांबून राहू नये. मराठी व इंग्रजी असे दोन कळफलक घेतलेले असल्यास दाबून धरताच भाषांची यादी उघडते. घसरवूनही कर्सर हलत नसेल, तर कळफलकाच्या सेटिंगमध्ये Glide typing या सदराखाली Enable gesture cursor control चालू आहे का ते पाहावे. आयफोनवर मात्र याच्या उलट करावे लागते. तेथे स्पेसबार दाबून धरावा, कळांवरील अक्षरे नाहीशी झाली की बोट न उचलता हवे तिकडे न्यावे.

आता कर्सर 'ति'च्या मागोमाग आणावा व बॅकस्पेस एकदाच दाबावा. बहुतेक फोनांत त्याने केवळ वेलांटी पुसली जाते, 'त' राहतो. मग दीर्घ वेलांटी द्यावी. संपूर्ण अक्षरच गेले, तर 'ती' पुन्हा लिहावी. त्यानंतर कर्सर एक अक्षर डावीकडे, 'क्रा' आणि 'ती' यांच्या मधोमध, न्यावा आणि अनुस्वार टंकावा. अनुस्वार नेहमी कर्सरच्या आधीच्या अक्षरावर बसतो. म्हणून 'क्रातीं' असे उमटले, तर कर्सर एक अक्षर पुढे राहिला असे समजावे. अनुस्वार पुसून पुन्हा मागे यावे. 'क्र' या जोडाक्षराच्या पोटात कर्सर नेण्याची खटपट करू नये. तेथे तो सहसा थांबत नाही, आणि थांबला तरी दिसत नाही. ते जोडाक्षरच चुकले असेल, तर पुसून नव्याने लिहावे.

बोट उचलताना कर्सर क्वचित एक अक्षर सरकतो. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी त्याच्या डावीकडचे अक्षर वाचून घ्यावे.