वारा शून्य, तरी गोळी उजवीकडे का जाते?

गेममध्ये लांबचा शॉट मारताना आपण गोळी किती खाली येणार, एवढंच बघतो. खऱ्या रायफलचं गणित त्यापुढे जातं. इंग्लंडमधल्या बिस्ली रेंजचं उदाहरण घेतो. तिथे 1000 यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर नेमबाजी होते आणि .308 ची गोळी पोहोचायला दीड सेकंदाहून जास्त घेते.

नळीतल्या पिळामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते. बहुतेक रायफलींचा पीळ उजवा असतो. मार्ग खाली वाकतो तशी गोळीही टोक वळवते, पण फिरत्या भोवऱ्याला ढकललं की तो आडवा कलतो ना, तसंच टोक किंचित उजवीकडे राहतं. हवा तिला त्याच बाजूला सरकवते. एवढ्या अंतरावर साधारण 20 सेंमी!

दरम्यान खालची पृथ्वीही फिरतेय. त्यामुळे उत्तर गोलार्धात आणखी 8-9 सेंमी उजवीकडे, मग नेम कुठल्याही दिशेला असो. मुंबईच्या अक्षांशावर हेच जेमतेम 4 सेंमी, दक्षिण गोलार्धात चक्क डावीकडे. शिवाय पूर्वेला मारलेली गोळी किंचित वर लागते, पश्चिमेला खाली.

गंमत म्हणजे आडव्या वाऱ्याचा अंदाज ताशी दीड किलोमीटरने हुकला तरी तेवढेच 20 सेंमी जातात. म्हणून एका शॉटवरून काहीच कळत नाही. माझ्या मते खरी खूण एकच: वारा कधी डावा, कधी उजवा असतानाही दिवसेंदिवस गट उजवीकडेच सरकलेला दिसणं.