राशीकुंडली आणि भावचलित

जन्मपत्रिका उघडली म्हणजे तीत दोन कुंडल्या शेजारी शेजारी मांडलेल्या आढळतात. एकीवर लग्नकुंडली अथवा राशीकुंडली असे लिहिलेले असते, दुसरीवर भावचलित. पहिलीत बाराव्या घरात बसलेला मंगळ दुसरीत अकराव्या घरात दिसला, म्हणजे घरची मंडळी बुचकळ्यात पडतात. कोणी म्हणतो, छापण्यात चूक झाली. कोणी म्हणतो, मंगळ 'सरकला'. श्रोतेहो, वास्तविक मंगळ आकाशात होता तेथेच असतो. सरकलेली असते ती घराची सीमा. पिंपरी-चिंचवडमध्ये निवडणुकीपूर्वी प्रभागांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, तर एखादे बिऱ्हाड जुन्या प्रभागातून शेजारच्या प्रभागात जाते. पण त्या घराची एक वीटही हललेली नसते. तसलाच हा प्रकार आहे.

राशीकुंडलीत हिशेब सोपा असतो. जन्मसमयी पूर्वक्षितिजावर जी रास उगवत असेल, ती संपूर्ण रास म्हणजे पहिले घर, पुढची संपूर्ण रास म्हणजे दुसरे घर. लग्न वृषभेच्या पहिल्या अंशावर असो की एकोणतिसाव्या, घरे तीच. भावचलितात मात्र लग्नाच्या अंशाला महत्त्व येते. तो अंश पहिल्या भावाचा मध्य धरावयाचा आणि भाव त्याच्या दोन्ही बाजूंस पसरावयाचा. त्यामुळे लग्न राशीच्या अखेरच्या अंशांत असेल, तर आरंभीच्या अंशांतले ग्रह मागच्या भावात जातात. लग्न आरंभीच्या अंशांत असेल, तर अखेरच्या अंशांतले ग्रह पुढच्या भावात जातात. लग्न राशीच्या मध्यावर असेल, तेव्हा दोन्ही कुंडल्या बहुधा सारख्याच दिसतात.

भाव पाडण्याची आपल्याकडे रूढ असलेली रीत श्रीपतीच्या नावाने ओळखली जाते. हा अकराव्या शतकातला ज्योतिषी आपल्या महाराष्ट्रातला, बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडचा, असे मानतात. याच तऱ्हेची विभागणी ग्रीकांमध्ये पॉर्फिरीच्या नावाने प्रसिद्ध आहे. रीत अशी: लग्न आणि माथ्यावरील याम्योत्तर वृत्तावर येणारा दशमबिंदू, हे दोन बिंदू प्रथम गणिताने काढावे. त्यांमधील अंतराचे तीन सारखे भाग केले की अकराव्या व बाराव्या भावांचे मध्य मिळतात. लग्नापासून चतुर्थापर्यंतच्या अंतराचेही तसेच तीन भाग करावे. दोन भावमध्यांच्या बरोबर मधली जागा म्हणजे संधी, अर्थात दोन भावांची वेस. क्रांतिवृत्त क्षितिजाशी तिरपे असल्यामुळे लग्न आणि दशम यांतील अंतर क्वचितच नव्वद अंश भरते; म्हणून भाव लहानमोठे होतात.

आता एक उदाहरण घेऊ. चाकणच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या आणि चिंचवडला राहणाऱ्या एका गृहस्थाची पत्नी पहिल्या बाळंतपणासाठी नांदेडला माहेरी गेली, आणि 5 जून 2024 रोजी सकाळी 6 वाजून 9 मिनिटांनी तिला कन्या झाली, असे समजा. त्या वेळी मंगळ मेष राशीत पावणेतीन अंशांच्या आसपास होता. नांदेडचे लग्न येते वृषभेचे सुमारे 26 अंश. दशमबिंदू येतो कुंभेचे सुमारे 15 अंश. राशीकुंडलीत वृषभ पहिले घर, म्हणून मेष बारावे. अर्थात मंगळ बारावा. महाराष्ट्रात पहिले, चौथे, सातवे, आठवे व बारावे या घरांतील मंगळ विवाहाच्या कामी वर्ज्य समजतात, म्हणजे मुलीच्या पत्रिकेला 'मंगळ' लागला.

भावचलितात काय होते ते पाहू. कुंभेच्या 15 अंशांपासून वृषभेच्या 26 अंशांपर्यंत अंतर 101 अंश. अकराव्या आणि बाराव्या भावांची संधी या अंतराच्या नेमकी मध्यावर पडते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण इतर काही न करता कागदावर चटकन पडताळा घेता येतो. 101 चे निम्मे साडेपन्नास. कुंभेच्या 15 अंशांत ते मिळवले म्हणजे मेषेचे साडेपाच अंश येतात. बारावा भाव तेथून सुरू होतो. मंगळ पावणेतीन अंशांवर, म्हणजे वेशीच्या अलीकडे. तो अकराव्या भावात राहिला. रास मात्र मेषच. तो स्वगृहीचा आहे हे कोणत्याही चलिताने बदलत नाही. राशीचे गुण राशीकुंडलीवरून आणि भावाचे फल चलितावरून पाहावे, असे म्हणणारे जोशी पुष्कळ. मंगळ राशीकुंडलीवरूनच ठरवणारेही कमी नाहीत. स्थळ पाहताना दोन्हीकडच्या जोश्यांनी एकच रीत धरली आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे. एकाने राशीवरून आणि दुसऱ्याने चलितावरून मंगळ ठरवला, तर पत्रिका जुळवण्याला अर्थच उरत नाही. मंगळाने खरोखर संसार बिघडतो काय, हा प्रश्न निराळा. त्याचा निकाल या गणितातून लागत नाही, आणि लागतो असे सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

खरा घोटाळा पुढेच आहे. बाळ बाळंतिणीसह चिंचवडला आले, आणि वडिलांनी पत्रिका करावयास देताना जन्मस्थळ चिंचवड म्हणून सांगितले, असे धरा. नांदेड चिंचवडच्या पूर्वेस सुमारे साडेतीन रेखांश आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने दोन्ही ठिकाणच्या स्थानिक काळात 14 मिनिटांचे अंतर पडते. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे असल्यामुळे ते अंतर दिसत नाही, पण क्षितिजाला ते कळते. चिंचवड धरून गणित केले की लग्न वृषभेच्या साडेबावीस अंशांजवळ येते आणि तीच संधी मेषेच्या दोन अंशांच्या किंचित आत. आता पावणेतीन अंशांवरचा तोच मंगळ वेशीच्या पलीकडे, बाराव्या भावात पडला. गंमत अशी की राशीकुंडली दोन्ही पत्रिकांत हुबेहूब एक आहे. तीवरून चुकीचा पत्ता लागत नाही. पंचवीस वर्षांनी स्थळ परत येईल, आणि कारण म्हणून त्या मंगळाकडे बोट दाखवले जाईल.

जुन्या पत्रिकांत याहून मोठी चूक संभवते. चिंचवडचा स्थानिक काळ प्रमाणवेळेहून सुमारे 35 मिनिटे मागे आहे. शिवाय 1942 च्या सप्टेंबरपासून 1945 च्या ऑक्टोबरपर्यंत, युद्धामुळे, देशातील घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळातील जन्मवेळेतून तो तास वजा केला आहे किंवा नाही, हे पत्रिकेत बहुधा लिहिलेले नसते.

आपल्या पत्रिकेत ग्रह चलितात सरकला असेल, तर तो संधीपासून किती अंश दूर आहे हे प्रथम पाहावे. आपल्या उदाहरणासारख्या लग्नी ही संधी चार मिनिटांत सुमारे एक अंश पुढे जाते. त्या मंगळाचे अंतर पावणेतीन अंश, म्हणून नोंदलेली वेळ अकरा मिनिटांनी पुढची असली तरी निर्णय फिरतो. ग्रह संधीपासून आठ-दहा अंश दूर असता, तर एवढ्या फरकाने काही बिघडले नसते. विलायतेतील मराठी कुटुंबांनी तर चलिताबाबत अधिकच जपावे. नांदेडला ज्या नाक्षत्र वेळी लग्न-दशमाचे अंतर 101 अंश येते, त्याच नाक्षत्र वेळी लंडनला ते सुमारे 123 अंश होते. भाव तिथे एका बाजूस एकेचाळीस अंशांचे आणि दुसऱ्या बाजूस एकोणीस अंशांचे पडतात, आणि निम्मे ग्रह सरकलेले दिसले तरी त्यात छापणाऱ्याचा दोष नसतो.